श्वानाचे बारसे

रायपुरात बुढा तलावाच्या काठाने प्रातःकाळी फिरत असता, पुण्याहून नुकतेच येथे राहावयास आलेले माझे एक स्नेही आपल्या काळ्याभोर पिलाला ‘भाच्या, अरे भाच्या’ अशी साद घालीत होते, आणि ती कानी पडताच समोरून येणारे एक वृद्ध छत्तीसगढी गृहस्थ थबकून, रागाने नव्हे, पण व्यथित स्वरात म्हणाले, “कुकुर ला भांचा झन कहव, बाबू.”

कौसल्या ही या दक्षिण कोसलाची कन्या, म्हणून राम हा साऱ्या मुलखाचा भाचा. रायपूरजवळच्या चंदखुरीस तलावाच्या मधोमध कौसल्यामातेचे मंदिर आहे, आणि बहिणीचा मुलगा पाळण्यातला असला तरी वाकून त्याच्या पाया पडणारे पांढऱ्या मिशांचे मामा मी या प्रांतात पाहिले आहेत. आपल्याकडे मामाने भाच्याचे लाड करावेत, प्रसंगी कानही पिळावा. येथे ती बेअदबी ठरते. तसेच कोणी हौसेने कुत्र्यासाठी ‘कबीर’ हे नाव सुचविले, तर दामाखेड्यास कबीरपंथीयांची गादी आहे, याचे स्मरण ठेवावे.

स्नेह्यांनी नाव तत्काळ रद्द केले, आणि नव्याचा शोध माझ्या ओसरीवर सुरू झाला. ‘बसव्या’ला मी हरकत घेतली, कारण त्यातले ‘बस’ एवढे ऐकूनच धावत येणारे पिलू मध्येच बसकण मारील. ‘नानू’ आणि दटावणीचे ‘ना, ना’ यांत त्याला भेद कळणार नाही. ‘राजा’ आणि ‘छोटू’ म्हणावे तर गल्लीतली मुले ‘ओ’ देतात. ‘चंद्रशेखर’ कागदावर शोभते, पण रहदारीतून हाक मारताना त्याचे ‘चंदू’च होते. दोन अक्षरे, आरंभी क, ट, प यांसारखे खणखणीत व्यंजन आणि शेवटी लांबवता येणारा स्वर, एवढे साधले की हाक गलक्यातूनही वेगळी उमटते.

पिलाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तसा बैल असला की इथला शेतकरी त्याला ‘टिकला’ म्हणतो. यमाचे दोन श्वान श्याम आणि शबल, तेही रंगावरूनच ओळखले जातात, आणि मला स्वतःला ही वर्णदर्शक नावे शूरवीरांच्या उसन्या नावांहून अधिक प्रामाणिक वाटतात. ‘टिकला’चे ‘टिकू’ झाले. घरातल्या आजींनी, दूधवाल्याने आणि धुणेवाल्या बाईंनी आपापल्या हेलात ते उच्चारून पाहिले. कोणाच्याही तोंडी ते मोडले नाही, तेव्हा त्यास मंजुरी मिळाली.

पुढचे काम पोळीच्या तुकड्यांचे. नाव एकदाच घ्यावे, मान वळताच तुकडा द्यावा. वळली नाही तर तेच दहादा घोकू नये, नाहीतर पंख्याच्या घरघरीप्रमाणे ते नावही त्याच्या कानाआड होते. आणि एक विनंती: आंघोळ घालावयाची असेल वा सुई टोचून घ्यावयास न्यावयाचे असेल, तर नावाने हाक मारू नका, स्वतः उठून त्याला घेऊन या.