‘त्यामुळे’ लिहिण्यापूर्वी

रात्रपाळीच्या परिचारिकेने घटना घडत असताना वहीत तुटक ओळींत केलेली नोंद आणि सकाळच्या पाळीला रुग्ण सोपवताना, म्हणजे वॉर्डच्या बोलीत ‘ओव्हर’ देताना, लिहिलेला परिच्छेदरूप अहवाल यांतील मजकूर एकच असला, तरी अहवालात वाक्ये जोडणाऱ्या शब्दांची भर पडते आणि जोखीम त्या शब्दांतच असते.

मधुमेहाच्या रुग्णाची अशी एक नोंद उदाहरणादाखल घेता येईल: ‘8.15 मिश्र इन्सुलिन 16 युनिट. जेवण अर्धे. 2.40 घाम, असंबद्ध बोलणे, जीआरबीएस 48. डॉक्टरांना फोन. 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली शिरेतून. 2.55 जीआरबीएस 132.’ जीआरबीएस म्हणजे बोट टोचून ग्लुकोमीटरवर मोजलेली रक्तशर्करा. ती 70 च्या खाली उतरली की तातडीने उपाय करावा लागतो. ही नोंद परिच्छेदात उतरवताना ‘अर्धेच जेवल्यामुळे साखर उतरली’ असे वाक्य सहज लिहिले जाते. परंतु वहीत ‘मुळे’ कोठेही नाही. मिश्र इन्सुलिनातील संथ भाग मध्यरात्रीनंतरही काम करत असतो, त्यामुळे मात्राच जास्त झालेली असू शकते, किंवा मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्याने इन्सुलिन शरीरात रेंगाळलेले असू शकते. जेवणावर बोट ठेवणारा अहवाल वाचल्यावर हे प्रश्न सकाळी कोणी विचारीलच असे नाही. म्हणून ‘8.15 वाजता इन्सुलिन दिले, त्यानंतर रुग्ण अर्धेच जेवला आणि 2.40 वाजता त्याला घाम आलेला आढळला’ असा केवळ कालक्रम लिहावा, आणि शंका असल्यास ती शंका म्हणूनच वेगळ्या वाक्यात मांडावी.

पूर्ण वाक्याचा मोठा उपकार असा की ते कर्ता मागते. ‘डॉक्टरांना फोन’ ही ओळ वहीत पुरेशी वाटते. वाक्य लिहू लागताच कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, काय सांगितले आणि त्यांनी दिलेला तोंडी आदेश परत वाचून दाखवला का, हे प्रश्न उभे राहतात. साखरपाणी पाजण्याऐवजी शिरेतून डेक्स्ट्रोज का दिले, याचे उत्तरही तेथेच यावे: रुग्ण गुंगीत होता आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका होता. जी वेळ नोंदलेली नाही ती अंदाजाने भरू नये, ‘वेळ नोंदलेली नाही’ असेच लिहावे. मूळ पान फाडू नये, आणि चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ मारून सही करावी.

अहवालाचा आरंभ मात्र 8.15 पासून नसावा. सकाळच्या परिचारिकेला रुग्ण आत्ता कसा आहे हे आधी हवे असते: तो शुद्धीवर आहे, 6 वाजता साखर 96 आहे, तोंडाने दूध घेतले आहे. डेक्स्ट्रोजचा परिणाम अल्पकाळ टिकतो आणि इन्सुलिनचा त्याहून अधिक, म्हणून साखर पुन्हा उतरू शकते. त्यामुळे अखेरच्या वाक्यात पुढील तपासणीची वेळ आणि ‘सकाळचे इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये’ ही सूचना स्पष्ट लिहिलेली असावी.