चकाकी आणि झिलई

८ जानेवारी

संक्रांत तोंडावर आली आहे, त्यामुळे आज आलेल्या फोटोंत सुगडेच जास्त. आमच्या छोट्या संग्रहालयाच्या नोंदवहीसाठी घरोघरच्या मातीच्या भांड्यांचे फोटो मागवले आहेत. प्रत्येक फोटोखाली मला दोन गोष्टी लिहायच्या असतात: भांड्यावर झिलई आहे की नाही, आणि भांडे कोणते.

एका काळ्याभोर सुगडाखाली पाठवणाऱ्या बाईंनी ‘झिलईचे’ असे लिहिले आहे. सुगड चमकते आहे खरे, पण ही चमक झिलईची नाही. झिलई म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसलेला काचेचा पातळ थर. काच प्रकाश आरशासारखा परतवते. त्यामुळे झिलईच्या बरणीवर खिडकीचे प्रतिबिंब लहान, पांढरे आणि रेखीव कडांचे पडते. कधी कधी गजसुद्धा मोजता येतात. या सुगडावर मात्र उजेड पसरट आणि मऊ आहे, आणि त्यात बारीक आडवे पट्टे दिसतात. भांडे अर्धवट वाळलेले असताना गुळगुळीत दगडाने घोटले की असे पट्टे उमटतात. घोटल्याने मातीचे चपटे कण एका पातळीत बसतात आणि पृष्ठभागाला तुकतुकी येते, पण वर काच तयार होत नाही. काळा रंगही लेपाचा नव्हे. भाजताना शेवटी आव्याची हवा कोंडली की धूर आत मुरतो आणि मातीतले लोह काळे पडते.

नोंद केली: सुगड, बिनझिलईचे, घोटलेले, धुरात भाजलेले.

११ जानेवारी

कुंभारकाकांकडे गेले होते. चाकावर ते माठाचा फक्त गळा आणि जाड भिंतीचे अंग काढतात. थोडे सुकल्यावर आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत पोट फुगवतात. तळ गोल होतो तो याच वेळी. मी विचारले, “काका, बूड सपाट का नाही ठेवत?”

“ताई, कोपरा आला की भाजताना तिथंच तडकतं. गोल बूड सगळीकडून सारखं तापतं.”

फोटो वाचताना हे फार कामाचे आहे. ठोकलेल्या भांड्यावर कडेने उजेड पडला तर थापीचे उथळ सपाट ठसे एकावर एक चढलेले दिसतात. गोल बूड आणि असे ठसे एकत्र दिसले तर भांडे जवळजवळ नक्कीच बिनझिलईचे, गावच्या आव्यातले. झिलईच्या बरण्या भट्टीतल्या फळीवर उभ्या ठेवून भाजतात, म्हणून त्यांचे बूड सपाट. उलट बाजूने मात्र हा नियम लावता येत नाही. हल्ली नळ लावलेले सपाट बुडाचे माठ सर्रास मिळतात आणि ते बिनझिलईचेच असतात.

१९ जानेवारी

आज एक ओला माठ. ओल्या मातीवर पाण्याचा थर असतो आणि तोही आरशासारखा वागतो, त्यामुळे उजेडाचा ठिपका अगदी झिलईसारखा रेखीव पडला आहे. निर्णय लागला तो खालच्या तिसऱ्या भागाकडे पाहून. तिथे ओल संपते तिथली कड दातेरी आहे, आणि तिच्याखाली पांढरी पूड धरली आहे. ७०० ते ८०० अंशांना भाजलेल्या मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात. पाणी झिरपते, बाहेर येऊन उडून जाते, म्हणून माठातले पाणी गार होते. पाण्यातले क्षार मात्र बाहेरच साठतात. त्या पांढऱ्या फुलोऱ्याइतका भरवशाचा पुरावा फोटोत दुसरा नाही. झिलई असती तर पाणी बाहेर आलेच नसते.

लोणचे बरणीत का आणि मडक्यात का नाही, याचेही हेच कारण. मीठ आणि तेल मडक्याच्या भिंतीत शिरते, मीठ तिथे स्फटिक धरते आणि भिंतीचे पापुद्रे सुटू लागतात.

२ फेब्रुवारी

कोकणात समुद्रकाठच्या एका जुन्या घरातून मोठ्या तपकिरी भांड्याचा फोटो आला. सोबत लिहिले आहे, ‘आजोबांच्या वेळचा रांजण’. फोटो उभ्याने, वरून काढलेला आहे. अशा फोटोत तोंड मोठे आणि बूड निमुळते दिसते, त्यामुळे आकारावरून नाव ठरवता येत नाही. उजेडाचा ठिपका रेखीव आहे, पण आता ऑइल पेंट दिलेल्या कुंड्याही अशाच चमकतात. रंग असेल तर तो पापुद्र्याने सुटतो आणि बहुधा बुडापर्यंत सारखा फासलेला असतो.

फोटो पाठवणाऱ्या काकूंना फोन केला आणि आणखी फोटो मागितले: एक पोटाच्या उंचीवरून, दोन-तीन मीटर मागे सरकून; एक बुडाचा; एक तोंडाच्या काठाचा. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी भांड्याच्या कुशीला, पोटाच्या मध्याच्या रेषेत उभी धरायला सांगितली. पट्टी पुढे धरली तर ती कॅमेऱ्याला जवळ पडून मोठी दिसते आणि भांडे खऱ्यापेक्षा लहान मोजले जाते.

५ फेब्रुवारी

काकूंचे फोटो आले. नातवाने फार नीट काढले आहेत.

आधी झिलई. बुडापासून चार बोटे वर तपकिरी थर संपतो. तिथली कड नागमोडी आहे आणि दोन ठिकाणी ओघळ खाली येऊन थेंबासारखे जाड झाले आहेत. त्याखाली राखाडी-बदामी कोरी माती. वितळलेली काच ओघळते आणि फळीला चिकटते, म्हणून कारागीर खालचा भाग मुद्दाम कोरा सोडतो. रंगाचा ओघळ इतका जाड होत नाही आणि त्याला अशी खोली दिसत नाही. काठाचा एक टवका उडाला आहे. तिथे वर गडद, चकचकीत, नखाएवढ्या जाडीचा थर आणि त्याखाली वेगळ्या रंगाची घट्ट माती. मडक्याचा टवका उडाला तर रंग बाहेरून आत सलग असतो, फार तर मधोमध न भाजलेला काळपट पट्टा दिसतो. तेव्हा झिलई नक्की.

मग मोजमाप. पडद्यावर पट्टी ६ सेंटिमीटर भरली, म्हणजे पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ५. उंची १३, म्हणजे ६५ सेंटिमीटर. सर्वांत रुंद भाग ९, म्हणजे ४५. तोंड साडेतीन, म्हणजे साडेसतरा. बूड ४, म्हणजे २०. रुंदी पोटाच्या मध्यावर नसून वरच्या तिसऱ्या भागात, खांद्याला आहे. रांजणाचे तोंड तांब्या बुडवण्याइतके प्रशस्त असते, आणि तो बहुधा जमिनीत किंवा ओट्यात अर्धा पुरलेला असतो. इथे तोंड रुंदीच्या चाळीस टक्क्यांच्याही आत आहे. साठवायचे, झाकायचे आणि लांब न्यायचे हे भांडे. खांद्यावर चार छोटे आडवे कान आहेत. भरलेले भांडे उचलायला ते फार नाजूक. त्यांतून दोरी ओवून तोंडावरचे झाकण बांधता येते.

अरुंद तोंड, भरलेला खांदा, आडवे कान, गडद तपकिरी झिलई, सपाट कोरे बूड: या घडणीला मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशातल्या बंदराचे हे नाव. १४व्या शतकातल्या इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात आले, मिरी, लिंबू आणि आंबा भरलेले मर्तबान येतात. पण अशी भांडी ब्रह्मदेशाबरोबर दक्षिण चीन, व्हिएतनाम, थायलंड इथेही होत आणि सगळी याच नावाने विकली जात. त्यामुळे नाव लिहिताना मी देश लिहिला नाही.

६ फेब्रुवारी

एक शंका उरली होती. मातीची जात साधी की दगडासारखी आवळलेली, हे फोटोत दिसत नाही. काकूंना बुडाजवळच्या कोऱ्या मातीवर पाण्याचा एक थेंब सोडून व्हिडिओ काढायला सांगितला. मिनिटभर थेंब तसाच गोल राहिला. साध्या भाजक्या मातीने तो तत्काळ पिऊन टाकला असता. १२०० अंशांच्या आसपास भाजली की मातीतली छिद्रे बुजतात आणि ती पाणी घेत नाही.

नोंद: मर्तबान प्रकारची साठवणीची बरणी, दगडी माती, गडद तपकिरी झिलई, चार कान, उंची सुमारे ६५ सेंटिमीटर. काळ आणि ठिकाण यांचे रकाने कोरे ठेवले. काकूंना रांजण नसल्याचे ऐकून वाईट वाटले नाही. उलट त्यांनी विचारले की आता त्यातले तांदूळ काढून ठेवू का. मी म्हटले, खुशाल राहू द्या.

१४ फेब्रुवारी

एका सहकाऱ्याने घारापुरीच्या खापरांचे फोटो दाखवले. खापर बाहेरून फिकट आणि खरबरीत, आतून काळे चकचकीत. पाहणारा ‘आतून झिलई’ म्हणेल, पण ते डांबर आहे. इराकच्या बाजूने येणाऱ्या टॉरपेडो जार नावाच्या बिनझिलईच्या लांबुडक्या भांड्यांना आतला माल झिरपू नये म्हणून आतून डांबर फासत. फोटोत ओळखायची खूण अशी: डांबराचा थर कुठे जाड, कुठे पातळ, भेगांत साचलेला आणि काठाशी सोललेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरची अशी खापरे बराच काळ रोमन अँफोराची मानली गेली होती. रोमन अँफोराला दोन उभे कान आणि स्पष्ट गळा असतो. टॉरपेडो जारला ना कान, ना गळा. नुसता पोटाचा तुकडा हाती असेल तर आतले डांबर हाच मोठा पुरावा.

२ मार्च

उन्हाळा सुरू, माठांचे फोटो सुरू. माठ आणि डेरा यांत लोक घोटाळा करतात. मी तोंड आणि पोट यांचे प्रमाण पाहते. माठाचा गळा आखूड पण स्पष्ट, तोंड पोटाच्या निम्म्याहून कमी. डेऱ्याचे तोंड ऐसपैस आणि पोट मोठे. गळा लांब असेल तर सुरई. मात्र गावागावांत नावे बदलतात, म्हणून घरचे लोक काय म्हणतात तेही नोंदवहीत वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे लिहिते.

५ मार्च

नव्याने फोटो पाठवणाऱ्यांसाठी आज हा मजकूर लिहिला:

भांडे पुसून कोरडे करा आणि तासभर थांबा. फ्लॅश बंद ठेवा. खिडकीचा उजेड एका कुशीवरून येऊ द्या. कॅमेरा पोटाच्या उंचीला धरा. बूड, काठ आणि फुटलेला टवका असेल तर तो, असे तीन जवळचे फोटो जरूर पाठवा. टवका फेव्हिकॉलने चिकटवू नका, रंगाने झाकू नका. तुमच्या घरी त्या भांड्याला जे म्हणतात, तेच नाव लिहा.