डागापलीकडची बुरशी

पहिल्या पावसानंतर कोकणातल्या एखाद्या परसात, कुजक्या लाकडाच्या बुंध्याशी, पांढऱ्या छत्र्यांसारख्या अळंब्या उगवतात. सकाळी त्या खुडून टाकाव्यात, तर दोन दिवसांनी त्याच जागी नव्या उभ्या असतात. कारण जी आपणांस दिसते ती संपूर्ण वनस्पती नव्हे. किंबहुना ती वनस्पतीच नव्हे. अळंबी म्हणजे बुरशीच्या जातीच्या एका जिवाचे केवळ फळ होय. त्याचे खरे शरीर लाकडाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले असते, आणि फळ खुडल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. पावावर उठणारा हिरवा किंवा काळा ठिपका हा या अळंबीचाच धाकटा भाऊ.

भट्टीतून नुकताच बाहेर आलेला पाव या बुरशीपासून मुक्त असतो. भाजताना त्याच्या गाभ्याचे तापमान जवळजवळ १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि तेवढ्या उष्णतेत बुरशीचे बीजाणू तग धरू शकत नाहीत. पुढे मात्र पाव निवतो, सुरीने कापला जातो, कागदात बांधला जातो, घरोघर उघडला जातो. हवेत बुरशीचे बीजाणू सदैव तरंगत असतात. धुळीच्या कणाहून हलके असे ते बीज पावावर केव्हा येऊन बसते, हे कोणासही कळत नाही. पाव मऊ, ओलसर आणि सच्छिद्र असतो. त्यात पिष्ट भरपूर असते. पाहुण्याला याहून अधिक काय हवे?

बीजाणू रुजला, की त्यातून एक तंतू निघतो. तो बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक असतो. माणसाचा केस त्यापुढे दोरखंड वाटावा. या तंतूला तोंड नाही, पोट नाही. तो आपले पाचकरस बाहेर, पावातच सोडतो. त्या रसांनी विरघळलेले अन्न मग शोषून घेतो. म्हणजे आपण अन्न पोटात घेऊन पचवतो, तर बुरशी अन्नाच्या पोटात शिरून ते पचवते. तंतूला फाटे फुटतात, फाट्यांना उपफाटे फुटतात, आणि पावातील असंख्य पोकळ्यांमधून वाट काढीत ते जाळे सर्व बाजूंनी वाढत जाते. या काळात ते रंगहीन असते. पावाच्या पांढऱ्या गरात रंगहीन तंतू कसे दिसावेत! जाळे पुरेसे पोसले, म्हणजेच ते हवेत बारीक दांडे उभारते आणि त्यांच्या टोकांवर नवे बीजाणू धरते. हिरवा, निळसर, काळा, क्वचित नारिंगी असा जो रंग आपणांस दिसतो, तो या बीजाणूंचा. डाग दिसू लागतो तेव्हा बुरशी आलेली नसते. ती फळाला आलेली असते.

एका घरी आषाढात नेमके असेच झाले. रविवारी आणलेल्या पावाच्या चौथ्या कापावर गुरुवारी सकाळी हरभऱ्याच्या डाळीएवढा हिरवट ठिपका दिसला. घरातील आजींनी सुरी घेतली आणि ठिपक्याभोवतीचा बोटभर भाग कापून काढला. अन्न टाकण्याचे आजींच्या जिवावर येई, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. किडके वांगे त्या अशाच निगुतीने साफ करीत. अळीचा भाग काढला की उरलेले वांगे भाजीत जाई. वांग्याबाबत ते बरोबरही होते, कारण अळीला अंग असते. ती जिथे आहे तिथे आहे, आणि तिने पोखरलेली वाट डोळ्यांना दिसते.

सुट्टीसाठी घरी आलेला त्यांचा मुलगा महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असे. त्याने तो साफ केलेला काप उचलून घेतला. भाचा शेजारी उभा होताच. मामाने कापलेल्या कडेपासून थोडे दूर जाऊन, जिथे गर अगदी शुभ्र दिसत होता तिथला मोहरीएवढा कण सुईने काढला, काचपट्टीवर निळ्या रंगाच्या थेंबात तो विस्कटला आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला.

"आजी, दोरे दिसतात!" भाचा ओरडला. "निळे निळे दोरे!"

आजींनीही डोळा लावून पाहिले. पिष्टाच्या गोलसर कणांमधून नागमोडी तंतू गेलेले त्यांना स्पष्ट दिसले. कापून टाकलेल्या भागाचा आणि या कणाचा संबंध तुटला होता, तरी तंतूंना त्याचे सोयरसुतक नव्हते. बुरशीचा कोणताही तुकडा पुन्हा पुरी बुरशी होऊ शकतो.

मामाने आणखी एक गोष्ट केली. त्या कापाचा पांढरा भाग त्याने एका काचेच्या बरणीत ठेवला. दुसऱ्या बरणीत त्याच दिवशी आणलेल्या ताज्या पावाचा तेवढाच तुकडा ठेवला. दोन्ही झाकणे चिकटपट्टीने बंद केली आणि पुन्हा उघडू नयेत अशी सर्वांना ताकीद दिली. शनिवारी पहिल्या बरणीत कापलेल्या कडेने कापसासारखी लव आली. रविवारी ती हिरवी झाली. ताजा तुकडा अजून स्वच्छ होता. अर्थात पुढील आठवड्यात त्याच्यावरही ठिपके उठले, कारण बीजाणू त्यालाही चुकले नव्हते. एका प्रयोगाने सारे सिद्ध होत नाही, हे मामाने भाच्याला बजावले. पण "स्वच्छ" समजलेला भाग स्वच्छ नव्हता, एवढे त्या बरणीने सांगितले.

"मग तव्यावर खरपूस भाजून घेतला तर?" आजींनी विचारले. प्रश्न मोठा मार्मिक होता. भाजल्याने बुरशी मरेल, यात शंका नाही. परंतु काही बुरश्या वाढताना विषे तयार करतात, आणि बुरशी मेली म्हणून तिने तयार केलेले विष नाहीसे होत नाही. यांतील काही विषे २०० अंशांच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. ओलसर पावाचा गर तर भाजताना १०० अंशांच्या आसपासच राहतो. शिवाय ओल्या पदार्थांत काही विषे तंतूंच्याही पुढे झिरपतात. तेव्हा सुरीने नेमका तंतूंचा शेवट गाठता आला असता, तरी काम पुरे झाले नसते.

"असू दे," आजी म्हणाल्या, "कोंबड्यांना घालते. त्यांना काय होतंय!"

"आई, ते तर मुळीच नको," मामा म्हणाला, आणि त्याने इंग्लंडातील टर्की पक्ष्यांची हकीकत सांगितली. १९६० साली तिथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्या महिन्यांत मरून पडले. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला नुसते "टर्की क्ष रोग" असे नाव देण्यात आले. जंतू सापडेनात. शेवटी संशय खाद्यावर गेला. ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड त्यात मिसळलेली होती, आणि त्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने तयार केलेले विष होते. बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊन त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृतावर घाला घालते. टर्की आणि बदके त्याला कोंबड्यांहून लवकर बळी पडतात, हे खरे. पण म्हणून कोंबड्यांवर प्रयोग करणे शहाणपणाचे नाही. गाईने तसले खाद्य खाल्ले, तर ते विष थोडेसे रूप बदलून दुधात उतरते.

माणसेही यातून सुटली नाहीत. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या भागांत अवकाळी पावसाने भिजलेला मका गोरगरिबांनी नाइलाजाने खाल्ला. त्यावर बुरशी धरली होती. गावोगाव कावीळ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली. ज्यांच्या घरात दुसरे धान्यच नव्हते, त्यांना "टाकून द्या" असे सांगणे सोपे नव्हते, हेही इथे ध्यानात ठेवावयास हवे.

पावावरची प्रत्येक बुरशी अशी घातकी असते असे नव्हे. पावावर बहुधा दुसऱ्याच जाती वाढतात, आणि नकळत एखादा घास पोटात गेला तर बहुतेकांना काहीही होत नाही. अडचण ही, की निरुपद्रवी कोणती आणि विषारी कोणती, हे रंगावरून ओळखता येत नाही. वास घेऊन पाहणे तर त्याहून वाईट. त्यामुळे बीजाणू श्वासावाटे छातीत जातात, आणि दमा असलेल्यास त्याचा त्रास होऊ शकतो.

"पण मामा, पेनिसिलीन बुरशीपासूनच करतात ना?" भाच्याने शंका काढली. करतात खरे. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू मेलेले आढळले, तिथून त्या औषधाची कथा सुरू होते. परंतु औषधासाठी एक निवडक जात वाढवतात, तिच्यातून औषध शुद्ध करून काढतात आणि तोलून मापून देतात. पावावर आपोआप उगवलेली बुरशी कोणत्या जातीची, तिच्यात काय आणि किती, हे सांगणार कोण?

मग बुरशी आलेले काहीच कापून वापरू नये काय? घट्ट कोबी किंवा कडक गाजर यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा गर दाट असल्याने तंतूंना आत शिरणे जड जाते. डागाभोवती आणि डागाखाली सुमारे अडीच सेंटिमीटर भाग काढला, आणि सुरी डागाला लागू दिली नाही, तर उरलेला भाग वापरता येतो. पाव मात्र पोकळ्यांनीच बनलेला आहे. एका कापाचा दुसऱ्याला स्पर्श असतो, आणि पुडका हलला की बीजाणू सगळ्या कापांवर उडतात. म्हणून डाग एका कापावर दिसला तरी पुडका सगळाच जातो.

आजींनी तो पुडका न हुंगता, न झटकता, तसाच पिशवीत बांधला आणि परसातील खड्ड्यात कोंबड्या उकरणार नाहीत इतक्या खोल पुरला. मग पावाचा डबा त्यांनी कढत पाण्याने आणि साबणाने घासून काढला, कोपऱ्यातला चुरा निपटून काढला आणि तो पुरता कोरडा होईपर्यंत चुलीजवळ पालथा घातला. पुढच्या रविवारी त्यांनी पाव आणावयास सांगितला तो अर्धाच.