अर्धं कोर्ट

माझा आतेभाऊ घाटकोपरचा, वय १९. एक पाय गुडघ्याच्या वर कापलेला, कृत्रिम पायावर बॅडमिंटन खेळतो. क्लासमध्ये त्याला पूर्ण कोर्टभर पळवायचे. बाजूच्या कोपऱ्यातलं शटल दर वेळी हुकायचं. "मला जमणार नाही," असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

मग आम्ही नियम वाचले. उभ्यानं खेळणाऱ्यांत पायाची अडचण जास्त असेल तर गट एसएल-३, कमी असेल तर एसएल-४. एसएल-३ची एकेरी अर्ध्या कोर्टावर होते. लांबी तीच, रुंदी निम्मी. म्हणजे सराव हवा तो पुढे-मागे जाण्याचा. हे कळल्यावर त्याच सरांनी त्याच कोर्टावर वेगळा सराव सुरू केला.

गटावर स्पर्धाही ठरते. सोमय्या कॉलेजमधून इंजिनिअर झालेली मानसी जोशी २०१९मध्ये एसएल-३ एकेरीत जगज्जेती झाली. पण टोकियो पॅरालिम्पिकमध्ये महिलांची ही एकेरी नव्हतीच. ती पॅरिसला, २०२४मध्ये आली.

यूडीआयडी कार्ड आधी काढा, पण त्यावरची टक्केवारी म्हणजे गट नव्हे. गट ठरवणारे तज्ज्ञ शरीर तपासतात, खेळताना पाहतात, आणि तो पुढे बदलूही शकतो. म्हणून राज्याच्या पॅरा संघटनेला पहिला प्रश्न हा विचारा: गटाची तपासणी कधी, कुठे? भाऊ सध्या त्याच तारखेची वाट बघतोय.