बाराच्या आतल्या तारखा

हिशेबाच्या फाइलीत तारखांचा रकाना बिघडलेला असतो, तेव्हा माणसाची नजर आधी जाते ती मजकूर म्हणून बसलेल्या तारखांकडे. त्या पेशीच्या डाव्या कडेला चिकटलेल्या असतात, क्रमाने लावायला गेलं तर भलतीकडे जातात. खऱ्या तारखा उजव्या कडेला नीट बसलेल्या दिसतात. त्यामुळे डावीकडच्या दुरुस्त करायच्या आणि उजवीकडच्यांना हात लावायचा नाही, असं ठरवून बहुतेक जण कामाला लागतात. गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लावण्याचं काम मी बरीच वर्षं करत आलो आहे आणि माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे. डावीकडच्या तारखा प्रामाणिक असतात. संशय घ्यायचा तो उजवीकडच्यांवर.

याचं कारण एक्सेल तारीख कशी साठवतं यात आहे. खरी तारीख म्हणजे आत एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, तिथून मोजत १ एप्रिल २०२४ ला येतो ४५३८३. पडद्यावर दिसतं ते या आकड्याला चढवलेलं रूप. आपण `30/04/2023` असं लिहितो किंवा बँकेची, सॉफ्टवेअरची फाइल उघडतो, तेव्हा एक्सेल त्या अक्षरांतून आकडा काढायचा प्रयत्न करतं आणि तो काढताना संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगला विचारतं. सेटिंग अमेरिकेचं असेल तर पहिला अंक महिना. तीस नावाचा महिना नाही, म्हणून `30/04/2023` जशीच्या तशी मजकूर राहते. पण `02/05/2023`, म्हणजे आपली २ मे, तिथे अडत नाही. ती निमूटपणे ५ फेब्रुवारी होते आणि उजव्या कडेला जाऊन बसते.

पुण्यातल्या एका संस्थेच्या देखभाल-वर्गणीच्या पावत्या माझ्याकडे आल्या होत्या. एप्रिल २०२२ पासूनचा पावत्यांचा रकाना एकाच शीटमध्ये होता. खजिनदारांनी तो सॉफ्टवेअरमधून काढून आपल्या लॅपटॉपवर उघडला, जतन केला आणि पाठवला. त्या लॅपटॉपचं सेटिंग विकत घेतल्या दिवसापासून अमेरिकेचंच होतं. त्यांच्या पडद्यावर ४१८ क्रमांकाच्या पावतीसमोर `2/5/2023` दिसत होतं. आत फेब्रुवारीची तारीख होती, पण अमेरिकी रूपात ती २ मेसारखीच दिसते. खूण एवढीच, की पुढची शून्यं गळालेली होती. शेजारच्या `30/04/2023` मध्ये शून्य शाबूत, कारण तो निव्वळ मजकूर. तीच फाइल माझ्या भारतीय सेटिंगच्या संगणकावर उघडली, तेव्हा ४१८ समोर `05-02-2023` आलं. ४१७ ची पावती ३० एप्रिलची, ४१९ ची १३ मेची आणि मधली फेब्रुवारीची. पावती पुस्तकात असं होत नाही.

खजिनदार म्हणाले, "अहो, पण वर्षाची बेरीज तर जवळपास जुळते की." आणि ती जुळत होती. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, म्हणून जरा थांबून सांगतो.

दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असतील तरच अदलाबदल होऊ शकते. वर्षात अशा १४४ तारखा येतात. त्यांतल्या १२ म्हणजे १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा, उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. यांतल्या बऱ्याच उलटल्या तरी त्याच आर्थिक वर्षात राहतात. ५ जूनची ६ मे झाली तर महिना बदलेल, कदाचित उशिराचं व्याज चुकेल, पण वर्ष तेच. वर्ष बदलतं ते फक्त दोन प्रकारच्या तारखांचं. एप्रिल ते डिसेंबर या महिन्यांतल्या १, २ आणि ३ तारखा उलटून जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये जातात, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. अशा २७. आणि जानेवारी ते मार्चमधल्या ४ ते १२ तारखा उलटून त्याच इंग्रजी वर्षाच्या एप्रिल ते डिसेंबरमध्ये जातात, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. याही २७.

आता मधलं एखादं वर्ष घ्या, २०२३-२४. त्यातून २७ तारखांच्या पावत्या मागे गेल्या, २७ तारखांच्या पुढे गेल्या. पण २०२२-२३ मधून २७ आत आल्या आणि २०२४-२५ मधूनही २७ आल्या. सभासद तेच, वर्गणी जवळपास तीच, भरण्याच्या सवयीही त्याच. त्यामुळे गेलेलं आणि आलेलं सारखंच भरतं आणि मधल्या वर्षाची बेरीज अंगावर येत नाही. चूक उघडी पडते ती टोकाच्या वर्षांत. या फाइलीत २०२१-२२ च्या नावावर काही पावत्या दिसत होत्या, जेव्हा पहिली पावतीच एप्रिल २०२२ ची होती. दुसऱ्या टोकाला, १० जानेवारी २०२४ ला मिळालेली वर्गणी १ ऑक्टोबर २०२४ ची म्हणून बसली होती आणि फाइल मला मिळाली तेव्हा तो ऑक्टोबर उजाडायचा होता.

आणखी एक गोष्ट यात भर घालते. माझ्या संगणकावर `YEAR` हे सूत्र मजकूर असलेल्या `30/04/2023` वरही चालतं, कारण भारतीय सेटिंगला ती तारीख वाचता येते. म्हणजे आर्थिक वर्षाचं सूत्र पूर्ण रकान्यात ओढलं, तर एकाही पेशीत चूक दाखवली जात नाही. `#VALUE!` आलं असतं तर निदान थांबून पाहिलं असतं.

म्हणून मी दुरुस्तीला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. या रकान्यातल्या खऱ्या तारखांमध्ये सर्वांत मोठा दिवस कोणता?

```
=MAX(IF(ISNUMBER(B2:B900),DAY(B2:B900)))
```

शेकडो पावत्या असूनही उत्तर १२ आलं, तर निकाल लागला. महिन्याच्या १२ तारखेनंतर कोणी पैसेच भरले नाहीत असं होत नसतं. त्याच वेळी मजकुरातल्या सगळ्या तारखांचा पहिला अंक १३ किंवा त्याहून मोठा दिसला, तर संपूर्ण रकाना एकाच अमेरिकी सेटिंगमधून गेला आहे याची खात्री होते. उत्तर ३१ आलं, तर फाइलीत दोन-तीन ठिकाणचा माल एकत्र झाला आहे आणि सरसकट उलटवणं धोक्याचं. जी २ मे सरळ होती तीही मग फेब्रुवारीत जाईल. अशा वेळी कोणती ओळ कोणाकडून आली हे सांगणारा रकाना आधी तयार करायचा आणि प्रत्येक गट वेगळा तपासायचा.

दुरुस्ती तशी लहान आहे. मूळ रकाना `B` मी कधीच बदलत नाही, शेजारी नवे रकाने घालतो. खऱ्या दिसणाऱ्या तारखेचे दिवस आणि महिना पुन्हा अदलून घ्यायचे: `=DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2))`. मजकुराच्या तारखा मात्र आधी साफ कराव्या लागतात. आपल्याकडे ठिपके देऊन `05.04.23` लिहायची सवय सार्वत्रिक आहे, कोणी आडवी रेघ देतं, जुन्या कारकुनाने `०५.०४.२०२३` असे देवनागरी अंक टाकलेले असतात. हे सगळं `SUBSTITUTE` ने एका साच्यात आणायचं. `Ctrl+H` वापरू नये असं मी आग्रहाने सांगतो. ठिपक्याच्या जागी तिरकी रेघ घालताच एक्सेल ती पेशी नव्याने वाचतं, आणि पुन्हा सेटिंगला विचारूनच वाचतं. `C` रकान्यात साफ मजकूर आला, की तुकडे करून आपणच सांगायचं, दिवस कोणता आणि महिना कोणता:

```
=LET(p,TEXTSPLIT(C2,"/"),y,--INDEX(p,3),
 DATE(IF(y<100,y+2000,y),--INDEX(p,2),--INDEX(p,1)))
```

त्यातलं `y+2000` गाळू नका. `DATE` ला नुसतं २३ दिलं तर ते १९२३ समजतं. या सूत्राचा आणखी एक स्वभाव माहीत असायला हवा. ते कधी नाही म्हणत नाही. ३१ एप्रिल दिली तर १ मे करून देतं, तेरावा महिना दिला तर पुढच्या वर्षाचा जानेवारी. टंकलेखनात गेलेली चूक अशी गोड होऊन बाहेर येते. म्हणून तयार झालेली तारीख उलट मजकुरात आणून, साफ केलेल्या मजकुराशी ताडून पाहायची, आणि जिथे जुळणार नाही तिथे पावतीची स्थळप्रत काढायची. यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही आणि त्याची गरजही वाटत नाही, कारण अशा ओळी थोड्याच निघतात.

यानंतर पावती क्रमांकाने ओळी लावून तारखा वरून खाली वाढत जातात का ते बघतो. ४१७, ४१८, ४१९ यांची आता ३० एप्रिल, २ मे, १३ मे अशी रांग लागली. संगणकाच्या कुठल्याही तपासणीपेक्षा माझा या रांगेवर जास्त विश्वास आहे. पावती पुस्तकाचे क्रमांक छापखान्यात पडलेले असतात, कोणत्याही सेटिंगचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

आर्थिक वर्षाचं काम यापुढे एका ओळीचं. सरकारी वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होतं. पिव्होट टेबलला मात्र जानेवारी ते डिसेंबर एवढंच वर्ष ठाऊक आहे. `D` रकान्यातली दुरुस्त तारीख तीन महिने मागे सरकवली, की ३१ मार्च २०२४ ची ३१ डिसेंबर २०२३ होते आणि १ एप्रिलची १ जानेवारी:

```
=LET(y,YEAR(EDATE(D2,-3)),y&"-"&RIGHT(y+1,2))
```

पिव्होटमध्ये हा रकाना ओढायचा, तारखेचं आपोआप होणारं गटीकरण बंद ठेवायचं. जुन्या वर्षांच्या बाबतीत एवढी काळजी घ्यावी, की ही फाइल सीएसव्ही म्हणून जतन करून पुन्हा उघडली तर `2011-12` चा एक्सेल डिसेंबर २०११ करतं. `2012-13` ला काही होत नाही, कारण तेरावा महिना नाही. पुन्हा तोच बारा.

४१८ क्रमांकाची पावती २०२३-२४ मध्ये परत आली, १० जानेवारीची तिच्या वर्षात गेली, २०२१-२२ चा गट रिकामा झाला. हे सगळं मिळालेल्या पैशांचं वर्ष झालं, एवढं मी खजिनदारांना स्पष्ट सांगितलं. जमाखर्चाला ते पुरतं. पण जानेवारी ते मार्च तिमाहीची वर्गणी एखाद्याने ४ एप्रिलला भरली, तर उत्पन्न मागच्या वर्षाचं आणि पावती या वर्षाची. पावतीच्या तारखेवरून ते कळणार नाही, कितीही खरी तारीख असली तरी. त्यासाठी वर्गणीचा कालावधी सांगणारा वेगळा रकाना लागतो. त्यांच्या फाइलीत तो होता, शेऱ्यामध्ये, मजकूर म्हणून: `jan-mar 24`, `Q4`, `मार्च अखेर`. तो आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला.