सहा मीटरची गल्ली आणि दीड मीटरची किंमत : पुण्यातील चटईक्षेत्राचा इतिहास

१/
एरंडवणे, कोथरूड किंवा सहकारनगर येथील एखाद्या जुन्या सोसायटीच्या गल्लीत शिरावे आणि इमारतींकडे न पाहता कुंपणाच्या भिंतींकडे पाहावे. बहुतेक भिंती एका ओळीत असतात. मधेच एखादी भिंत दीड मीटर मागे सरकलेली दिसते आणि तिच्यामागे सातमजली नवी इमारत असते. शेजारची भिंत पुन्हा जुन्या ओळीवर येते. गल्लीची कड करवतीच्या दात्यांसारखी होत जाते. हे दाते कसे पडले, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
आरंभ चटईक्षेत्र निर्देशांकापासून, म्हणजेच एफएसआयपासून. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारा हा एक साधा आकडा आहे. ५०० चौरस मीटरच्या जागेवर निर्देशांक १ असेल, तर सर्व मजले मिळून ५०० चौरस मीटर बांधता येते. इमारत बसकी असावी की उंच, हे तो सांगत नाही. तो फक्त बांधकामाची एकूण बेरीज ठरवतो. गल्लीत किती माणसे, किती वाहने आणि किती पाणी लागेल, याचा अंदाज मात्र त्या बेरजेवरच बांधला जातो.

३/
हा आकडा येण्यापूर्वी शहर वेगळ्या मापाने मोजले जाई. १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे होरपळली. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. अंधारी, कोंदट खोली हे रोगाचे घर, अशी तेव्हाची धारणा होती. म्हणून ट्रस्टच्या अभियंत्यांनी प्रकाशाचा कोन हे माप मानले : साडेत्रेसष्ट अंश. व्यवहारात त्याचा अर्थ सोपा होता. इमारतीच्या उंचीच्या निम्मे अंतर समोर मोकळे हवे. वीस मीटर उंचीला दहा मीटर आकाश.

४/
या जुन्या मापात प्रश्न असा होता : खालच्या मजल्यावरच्या माणसाला आभाळ दिसते का? निर्देशांकाने प्रश्नच बदलला : या जागेवर एकूण किती बांधायचे? मुंबईच्या १९६४ च्या विकास आराखड्याने ही पद्धत रुजवली आणि पुढे राज्यातील इतर शहरांनी ती स्वीकारली. पुण्याच्या १९८७ च्या नियमावलीत पेठांच्या दाट वस्तीसाठी चढा निर्देशांक होता आणि पेठांबाहेरच्या वस्तीसाठी १ हा मूळ आकडा होता. पेठांबाहेरच्या सोसायट्यांच्या तीन-चार मजली इमारती त्या आकड्याच्या सावलीत वाढल्या. अशा वस्तीला सहा मीटरचा रस्ता पुरत असे.

५/
पुढे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर आला. एखाद्याची जमीन बाग, शाळा किंवा रस्ता यांसाठी आरक्षित झाली, तर महापालिका तिचा मोबदला पैशांऐवजी बांधकाम-हक्काच्या रूपात देऊ लागली. हा हक्क विकता येतो. एका ठिकाणी गमावलेले चटईक्षेत्र अशा रीतीने दुसऱ्या ठिकाणच्या इमारतीच्या डोक्यावर चढू लागले. मग ते कोणत्या गल्लीत उतरावे, हा प्रश्न आलाच. जानेवारी २०१६ मध्ये राज्याने त्याचे उत्तर दिले : टीडीआर रस्त्याच्या रुंदीशी बांधला गेला आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर तो बंद झाला.

६/
नियमाचा हेतू उघड होता. अग्निशमनाची गाडी वळू शकत नाही अशा गल्लीत गर्दी वाढू नये, हा तो हेतू. परंतु त्याच सुमारास सत्तर-ऐंशीच्या दशकांतील सोसायट्या म्हाताऱ्या होत होत्या. गळके छत, गंजलेल्या सळया, लिफ्ट नाही आणि तिसऱ्या मजल्यावर पंचाहत्तरीचे रहिवासी, अशी त्यांची स्थिती होती. रहिवाशांना पदरचे पैसे न घालता नवे घर हवे असेल, तर विकासकाला विकण्यासाठी काही जास्तीच्या सदनिका उरायला हव्यात. त्या उरतात की नाही, हे आता रस्त्याची रुंदी ठरवू लागली.

७/
एक काल्पनिक भूखंड घेऊन हिशेब मांडू. रस्त्यालगत २० मीटर, आत २५ मीटर, म्हणजे ५०० चौरस मीटर जागा. तीवर जुनी आठ कुटुंबे. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीचे मूळ कोष्टक धरू; नंतरच्या दुरुस्त्या आणि पुनर्विकासाच्या खास सवलती बाजूला ठेवू. रस्ता नऊ मीटरहून अरुंद असेल तर निर्देशांक १.१. म्हणजे ५५०, आणि जिना, बाल्कनी इत्यादींसाठी शुल्क भरून मिळणारे ६० टक्के अनुषंगिक क्षेत्र धरून ८८०. एका सदनिकेमागे सर्व मिळून साधारण शंभर चौरस मीटर लागतात असे मानले, तर जुन्या आठ कुटुंबांची सोय होते आणि विकायला जवळजवळ काहीच उरत नाही. विकासक फिरकत नाही.

८/
आता तोच रस्ता नऊ मीटरचा माना. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर गेले, म्हणजे या भूखंडाचे ३० चौरस मीटर गेले. त्या ३० मीटरांचा मोबदलाही हिशेबात न धरता उरलेल्या ४७० चे गणित पाहा. मूळ १.१, शासनाला अधिमूल्य भरून ०.५ आणि टीडीआर विकत घेऊन ०.४ असे मिळून निर्देशांक २ होतो. म्हणजे ९४०, आणि अनुषंगिक क्षेत्र धरून १,५०४. आठच्या जागी पंधरा सदनिका. दीड मीटरच्या पट्टीच्या बदल्यात इमारत पावणेदोन पटींच्या जवळ जाते. कागदावरील सहा आणि नऊ या दोन आकड्यांमध्ये आठ कुटुंबांचे भवितव्य अडकलेले असते, ते असे.

९/
म्हणूनच जून २०२० मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीने शहरातील ३२३ रस्ते सहा मीटरवरून नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली, तेव्हा मोठा वाद उठला. आधार होता महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० चा. त्यानुसार रस्त्याची 'नियमित रेषा' आखता येते. शहरात सहा मीटरचे रस्ते याहून कितीतरी अधिक असताना हेच का, असा आक्षेप घेतला गेला. दुसऱ्या बाजूला, पुनर्विकास अडलेल्या सोसायट्यांना ही रेषा म्हणजे सुटकेची वाट वाटत होती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते.

१०/
खरी मेख रेषेच्या स्वभावात आहे. रेषा आखली म्हणजे रस्ता रुंद होत नाही. जी इमारत पाडून नवी बांधली जाते, तिचीच पट्टी रस्त्याला मिळते. त्या इमारतीला मात्र वाढीव चटईक्षेत्र लगेच लाभते. गल्लीत वीस इमारती असतील आणि त्यांतील पाच नव्या झाल्या, तर पाच ठिकाणी लोकसंख्या वाढलेली असते. गाडी मात्र उरलेल्या पंधरा कुंपणांमधूनच जाते. मोकळ्या झालेल्या पट्टीत विजेचा खांब तसाच उभा राहतो, रोहित्र तसेच राहते आणि उरलेल्या जागेत दुचाक्या लागतात. साखळीची ताकद जशी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी, तशी गल्लीची रुंदी तिच्या सर्वांत अरुंद जागेइतकी.

११/
आता मोकळ्या जागेकडे येऊ. निर्देशांकाने दिलेले १,५०४ चौरस मीटर त्या भूखंडावर मावतात का? नियमावलीनुसार उंच इमारतीला बाजूंना आणि मागे उंचीच्या एक-पंचमांश जागा सोडावी लागते. समोर तीन मीटर धरू. सात मजले, म्हणजे सुमारे २१ मीटर उंची घेतली, तर बाजूंना ४.२ मीटर सोडून मजल्याला १८९ चौरस मीटर उरतात; एकूण सुमारे १,३२०. आणखी एक मजला चढवावा, तर अंतरे वाढतात, मजला आक्रसतो आणि एकूण बेरीज उलट १,३०६ वर येते. मजला वाढतो, बांधकाम घटते.

१२/
कोष्टक १,५०४ देते, जमीन १,३२० पेलते. मधल्या फरकाची किंमत मोकळ्या अंतरांना मोजावी लागते. 'जागेची अडचण' दाखवून, शुल्क भरून, सामासिक अंतरांत सवलत मागितली जाते. चार मीटरांचे तीन होतात. शेजारचाही तेच करतो. उंचीच्या निम्मे अंतर मागणाऱ्या जुन्या कोनाशी याची तुलना करावी. २१ मीटर उंचीला तेव्हा साडेदहा मीटर लागले असते. आज दोन शेजारी इमारतींची सोडलेली अंतरे पूर्ण पाळली, तरी ती मिळून ८.४ मीटर होतात, आणि सवलतीनंतर त्याहूनही कमी. तळमजल्यांवर वाहनतळ आल्यामुळे तिथे राहणारे कोणी नसते. पण पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लागतो.

१३/
आणि बाग? सामायिक खुल्या जागेसाठी दहा टक्के क्षेत्र राखण्याचे बंधन ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटरपासून लागू होते. आपला भूखंड ५०० चा. अशा आठ सोसायट्या एकत्र आल्या, तर ४०० चौरस मीटरची एक सलग मोकळी जागा कायद्यानेच सोडावी लागेल. त्याच आठ सोसायट्या एकेक करून उभ्या राहिल्या, तर एक चौरस मीटरही नाही. जमीन तीच, माणसे तितकीच. फक्त सातबाराच्या आणि मालमत्ता-पत्रकांच्या सीमा वेगळ्या, म्हणून मुलांना खेळायला गल्लीच उरते. आणि गल्लीत आता वाहने आहेत.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक उलटी चाल दिसते. प्लेगनंतरच्या शहरात आधी प्रकाश आणि रस्ता ठरत असे, इमारत त्यांच्यात बसवली जाई. २०१६ चा नियमही त्याच क्रमाचा होता : रस्ता असेल तर चटईक्षेत्र. परंतु एकदा रुंदीला भाव आला, की चटईक्षेत्र हवे म्हणून रस्त्याची रेषा ओढली जाऊ लागली. हा कोणा एकाच्या लबाडीचा परिणाम म्हणता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वृद्धांची निकडही तितकीच खरी आहे. दोष मोजण्याच्या एककात आहे. हक्क दिला जातो भूखंडाला. रस्ता, उजेड आणि खेळायची जागा मात्र अख्ख्या गल्लीची असते.

१५/
म्हणून पुढल्या वेळी अशा गल्लीतून जाताना मागे सरकलेल्या भिंती मोजाव्यात. गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत त्या एका रेषेत आल्या असतील, तर रस्ता खरोखर नऊ मीटरचा झाला. दाते दिसत असतील, तर नऊ मीटर अजून नकाशातच आहेत. इमारती मात्र नकाशाच्या भरवशावर उभ्या राहिल्या आहेत.