माझ्या चित्रात अडकलेला थेंब

मी जलचक्राचे चित्र काढले. समुद्रावरून वर बाण, त्यावर ‘बाष्पीभवन’. मग ढग, ढगातून डोंगरावर पाऊस. बाई म्हणाल्या, “आता एका थेंबावर बोट ठेव नि बाणाबाणानं फिरव बघू.” बोट डोंगरावर जाऊन थांबलं! परतीचा बाणच नव्हता. मग चक्र कसलं?

आपली ओशिवरा नदी आरेच्या डोंगरातून निघते नि मालाडच्या खाडीतून वर्सोव्याच्या समुद्राला मिळते. तो बाण काढला. काही पाणी जमिनीत मुरते नि झऱ्यांनी हळूहळू नदीत येते. तोही काढला.

वाफ आणि ढग यांच्यामध्ये नावच नव्हते. वाफ डोळ्यांना दिसत नाही. वर गार झाली की तिचे बारीक थेंब होतात, तोच ढग. तिथे ‘सांद्रीभवन’ लिहिले.

आता बोट फिरून समुद्रातच येते.